देवकाबाईचा न उतरणारा थकवा

सन पन्नासच्या सुमाराची सौंदडची सुईण देवकाबाई. भाताच्या रोवणीचा थकवा तिच्या ओळखीचा होता. एका झोपेत उतरायचा. हा बाळंतपणांचा थकवा मात्र उतरतच नव्हता. बाळंतिणीचं कण्हणं ऐकून तिला चीड येऊ लागली. एके दिवशी तर नुकतं जन्मलेलं लेकरू रडलं, तरी तिच्या तोंडून नेहमीचं "आलास का रे राजा?" निघालंच नाही. ती हादरली.

"काऊन बाई, काम सोडून देता का?" हाताखाली तयार झालेल्या धाकट्या जावेनं, नंदाबाईनं विचारलं.

"नाही. पण रेल्वेच्या रुळापलीकडची घरं आता तू सांभाळ."

पलीकडून बोलावणं आलं की तिचा जीव खालीवर व्हायचा, तरी ती उठायची नाही.

कापणीच्या दिवसांत शेजारच्या घरी तिच्या हातून पोरगी झाली. "आलीस का वं राणी?" देवकाबाई सहज बोलून गेली, आणि पोरीपेक्षा मोठ्यानं रडली.