मांजरीला दिलेला इसबगोल

सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या आमच्या कॅम्पात बद्धकोष्ठावर माझा शब्द शेवटचा मानला जाई. दिवसभर उन्हात वायरिंग ओढायचं, पाणी टाळायचं आणि रात्री खबूसच्या रोट्या रेटायच्या, त्यामुळे हा आजार सगळ्यांच्याच घरचा होता. मी सुट्टीहून येताना बॅगेत इसबगोलचे डबे आणत असे. लोक मला फोरमन म्हणून कमी आणि इसबगोलवाला म्हणून जास्त मान देत.

आमच्या खोलीत एक भटकी मांजरी राहायला आली होती. कधीतरी पिकअपखाली सापडल्यामुळे ती मागच्या पायात किंचित फेंगडी चालायची. मी तिला रत्नागिरीहून आणलेले सुके बोंबील घालायचो, उरल्या वेळी दुकानातलं कोरडं खाद्य. पाण्याच्या भांड्याकडे ती ढुंकूनही पाहत नसे. मला त्यात तिचा करारीपणा दिसायचा.

मग ती तिच्या शीसाठी ठेवलेल्या वाळूच्या खोक्यात सारखी जाऊन बसू लागली. पाठ कमानीसारखी करून कुंथायची आणि दोन सुक्या लेंड्या टाकून, कधी तेवढंही न करता, बाहेर यायची. रोगी माझ्या खात्यातला होता. मला खरं सांगायचं तर आनंदच झाला.

ती पाणी पीत नाही म्हणून मी इसबगोल तुपात कालवला, वर बोंबलाची पूड भुरभुरली. तिनं चाटूनपुसून खाल्लं. काही झालं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट दिला. उंटावरचा शहाणा असं आपण म्हणतो. माझ्या बाबतीत उंट तरी आसपास होते.

तिसऱ्या दिवशी तिनं खाणं सोडलं. पिवळं पाणी ओकली आणि पलंगाखाली जाऊन पडली. आमचा स्वयंपाकी चाचा, रायगडचा, खाली वाकून बघत म्हणाला, "माणसांची एनिमाची बाटली आणू काय फार्मसीतून? माझ्या बापाला एका बाटलीत मोकळं केलंन." मला पटलं होतं. पण तिला उचलायला गेलो तर हात पोटाला लागताच ती कण्हली, आणि माझी सगळी वैद्यकी तिथेच गळाली. तिला भाजीच्या क्रेटमध्ये घालून मी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बाहेर सगळे मेंढ्यांवाले बसले होते, आणि मी मांडीवर मांजर घेऊन.

डॉक्टर इजिप्तचा होता. त्यानं आधी पोट चाचपून लघवी अडलेली नाही ना ते पाहिलं. मग एक्स-रे काढून दाखवला. आतडं दगडासारख्या मळानं ठासून भरलेलं होतं, आणि अपघातात मोडलेलं कमरेचं हाड वाकडं जुळून वाट अरुंद झाली होती. ही साधी बद्धकोष्ठता राहिली नव्हती, वाट बंद झाली होती.

"काय दिलंस?" त्यानं विचारलं.

मी माझ्या मोडक्या अरबीत अभिमानाची शेवटची चिमूट घालून इसबगोल सांगितला.

"पाण्यात?"

"तुपात."

 तो म्हणाला, साध्या तक्रारीत, भरपूर पाण्याबरोबर, चिमूटभर इसबगोलानं फरक पडतो. पाण्याशिवाय मात्र तो तिथेच गोळा होतो, आणि वाटच अरुंद असेल तर मळ फुगवून काय मिळणार? बोंबलाचं मीठ आणि काटे यांनी भर घातलीच. मी एनिमाच्या बाटलीचं नाव काढताच त्याचा आवाज चढला. त्यातल्या क्षारांनी मांजर मरतं, म्हणाला.

शिरेतून सलाईन लावलं, मग भूल देऊन कोमट पाण्यानं मळ थोडा थोडा बाहेर काढला. ती वाचेल ना, विचारलं तर तो म्हणाला, "आतडं किती ताणलंय त्यावर. स्वतःहून शी झाली तर बघू." तिला खोलीवर आणलं ते सोबत मळ मऊ ठेवणारं गोड औषध आणि पाणी घालून कालवायचं ओलं खाद्य घेऊनच. पाण्याची भांडीही खाण्यापासून दूर, चार ठिकाणी ठेवली.

एका सुट्टीच्या दुपारी आम्ही सगळे खोलीत असताना ती खोक्यात गेली.  चाचानं पंखासुद्धा बंद केला. ती थोडा वेळ बसली, वाळू उकरली आणि काही घडलंच नाही अशा थाटात निघून गेली. खोक्यात मऊ, अखंड अशी एक लेंडी होती. मी ते बघून ढसाढसा रडलो. बायकोला फोन लावला तेव्हाही हुंदके थांबत नव्हते. ती घाबरली, मग सगळं ऐकून घेतलं.

"आपली मुलगी झाली, तेव्हा मी फोन केला होता," ती म्हणाली. "तुम्ही 'बरं' म्हणालात. आणि ठेवलात."

तेव्हा खोलीत माणसं होती, असं मी सांगितलं.

"आज नाहीत?" तिनं विचारलं.

सगळे माझ्याकडेच बघत होते. आहेत, मी म्हटलं, आणि मुलीला फोन द्यायला सांगितलं.