रिव्ह्यूअरच्या खुर्चीत ताई

मला राग लवकर येतो. त्या दुसऱ्या रिव्ह्यूअरचा तर असा आला होता की पत्ता माहीत असता तर दारात जाऊन भांडले असते. कुही तालुक्याच्या धानपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट किती, यावरचा माझा शोधनिबंध जर्नलने दोन तज्ज्ञ रिव्ह्यूअरकडून तपासून सुधारायला परत पाठवला होता. पहिला रिव्ह्यूअर दोन-चार शंका विचारून मोकळा झाला. दुसऱ्याने मात्र पानंच्या पानं भरली होती. निबंध स्वीकारला गेल्याशिवाय विद्यापीठ माझा पीएचडीचा प्रबंध घेणार नव्हतं, आणि मिळायची ती मुदतवाढ घेऊन झाली होती. हे हुकलं की सगळं मुसळ केरात.

दोघांच्या प्रश्नांना उत्तर देणारं पत्र मी लिहिलं. शेवटच्या दिवशी सकाळी ते आमच्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या ताईंसमोर ठेवलं. मे महिना, स्टाफरूम रिकामी, कूलर घरघरत होता.

"ताई, इंग्रजी तेवढं पाहून द्या. संध्याकाळपर्यंत अपलोड करायचंय."

ताईंनी पत्र चाळलं, चष्मा काढला. "हे काय वं? एका पानावर 'आम्ही जोडू', दुसऱ्यावर 'जोडत आहोत', तिसऱ्यावर 'जोडलं आहे'. झालं का होऊन राहिलं? त्याले कसं समजन?"

"समजेल हो. कामाशी काम."

"नाई. पाणी तपासलं ते भूतकाळात. निबंधात बदल केले ते 'केले आहेत', सगळीकडे सारखं. अन् जिथं 'केले आहेत' म्हणशीन, तिथं पान अन् ओळ मले दाखवायची."

मग त्यांनी माझ्या उत्तरांवर कोरा कागद ठेवला. वर फक्त रिव्ह्यूअरचा प्रश्न दिसत होता. "आता मी रिव्ह्यूअर. तू तोंडानं सांग."

बाप्पा! एवढ्या घाईत हा खेळ. पण ताईंपुढे कोणाचं चालतं? त्या प्रश्न वाचायच्या, मी उत्तर द्यायची, मग कागद सरकवून मी तेच लिहिलंय का ते बघायच्या. 'जोडू'चं 'जोडलं आहे' करताना दोन ठिकाणी निबंधात काहीच जोडलेलं नाही, हे उघडं पडलं. ती वाक्यं तिथंच बसून लिहिली.

चौथ्या प्रश्नाशी ताई थांबल्या. नमुने खत टाकण्याआधी घेतले की नंतर, असं रिव्ह्यूअरने विचारलं होतं. मी तावातावाने सांगितलं. कागद सरकवला, तर उत्तर तसंच होतं, लांबलचक.

"बरोबर. पण प्रश्न इथं संपत नाई. दुसऱ्या तक्त्यात एक विहीर कमी काहून, हेही विचारलं त्यानं."

मी पुन्हा वाचलं. खरंच होतं. खताच्या प्रश्नावर मी इतकी चिडले होते की शेवटची ओळ डोळ्यांना दिसलीच नव्हती.

"अहो, ती विहीर मालकाने बुजवली. बोअर मारला त्याने. कापणीनंतर दुसऱ्यांदा नमुने घ्यायला गेले तर तिथं विहीरच नव्हती!"

"मग हे निबंधात कुठं आहे?"

कुठंच नव्हतं.

"आडातच नाई तं पोहऱ्यात कुठून येईन?" ताई म्हणाल्या. "त्याले वाटन, आकडा आवडला नाई म्हणून पोरीनं विहीर गाळली."

निबंधात कारण लिहिलं, दोन्ही तक्ते फक्त दोन्ही वेळी तपासलेल्या विहिरींवरून पुन्हा केले, पत्रात उत्तर जोडलं. त्या एका वाक्यामुळे पुढच्या सगळ्या ओळी सरकल्या आणि पत्रातले ओळींचे क्रमांक चुकले. ते सगळे ताईंनी बोट ठेवून जुळवून घेतले. डबा तसाच राहिला त्यांचा.

पत्र गेल्यावर मी विचारलं, "एवढं काहून करता तुम्ही?"

"माह्यं पत्र कोणी वाचलं नवतं," त्या म्हणाल्या. "एका प्रश्नाचं उत्तर द्याचं राहून गेलं. निबंध हातचा गेला, मग पीएचडीचं रजिस्ट्रेशनही गेलं." आणि पाण्याची बाटली उचलून कूलर बंद करायला उठल्या.

माझा निबंध स्वीकारला गेला. दुसऱ्या रिव्ह्यूअरने लिहिलं होतं की विहिरीचा खुलासा वाचून त्याची मुख्य शंका मिटली. ज्याला मी महिनाभर शिव्या घातल्या, त्याचेही आभार मी प्रबंधात मानले. ताईंचे तर मानलेच, पण त्यांचे उपकार छापून कुठं फिटतात?

यंदा उन्हाळ्यात ताई मनीषनगरला माझ्या घरी आल्या. पिशवीतून कागद काढले. त्यांनी पुन्हा रजिस्ट्रेशन केलं होतं, मला पत्ता लागू न देता. त्यांचाही निबंध सुधारायला परत आला होता.

"पत्र लिहिलं," त्या म्हणाल्या. "आता तू रिव्ह्यूअर. अन् माह्या तोंडाकडं पाहून सोडू नको वं."

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली, उत्तरांवर कोरा कागद ठेवला आणि पहिला प्रश्न मोठ्याने वाचला.