चिंचेच्या पाण्यातली पोवळी

माझी आत्या पैठणला राहते आणि तिला कुठलीच गोष्ट हळू आवाजात सांगता येत नाही. तिच्या मुलीच्या लग्नाआधी बांगड्या भरायला बायका जमल्या, तेव्हा तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं की आजीची पोवळ्यांची माळ वहिनीने बदलली आणि तिच्या जागी काचेचे मणी ठेवले. वहिनी म्हणजे माझी आई. आजीने जाताना ती माळ आईच्या हवाली केली होती, नातीच्या लग्नात द्यायची म्हणून. आईने ती इतकी वर्षं मऊ कापडाच्या पिशवीत, बाकी दागिन्यांपासून वेगळी जपली आणि लग्न ठरल्यावर आत्याला दिली. आरोप ऐकून आई तशीच उठून घरी परत आली. मी तिथे नव्हते ते बरंच झालं, नाहीतर बांगड्यांचा चुरा झाला असता.

मी आमच्या शहरातल्या सराफ्यात एका दुकानात खड्यांच्या काउंटरवर बसते. खड्यांची पारख रीतसर शिकले आहे. आत्याला फोन केला आणि म्हटलं, माळ घेऊन या, काय ते समोरासमोर होऊ दे. ती पहिल्या एसटीने आली. मी आईलाही बोलावून घेतलं होतं.

आत्याने माळ काउंटरवर ठेवली आणि मी दिवा जवळ ओढला. लाल रंग फिका, वर पांढुरका थर, चमक कुठेच नाही. आई माझ्याकडे बघत होती. तिने चोर ठरून घरी जायचं की नाही, हे आता माझ्या भिंगावर होतं.

आत्याने आधीच बजावलं, ‘‘तू पोरगी तिची. तू खरीच म्हणणार, व्हय का नाय?’’

मग मी बोलणारच नाही, तुम्हीच बघा, असं म्हणून भिंग तिच्या हातात दिलं. आधी एक नकली मणी दाखवला. त्याच्या आत बारीक बुडबुडे आणि कडेला साच्याची शिवण होती. मग माळेतलं पोवळं दाखवलं. बुडबुडा एकही नाही, शिवण नाही. अंगावर एकमेकींशेजारून जाणाऱ्या केसाएवढ्या बारीक रेघा आणि एक-दोन खळगे. आत्या बराच वेळ बघत राहिली, पण हार मानेना. तिची शंका तपासायलाही हवी होती, कारण हलक्या जातीच्या पांढऱ्या पोवळ्यालाही रेघा असतात, फक्त जाड, आणि त्याला लाल रंग चढवून विकतात. तो रंग भोकाच्या कडेला आणि भेगांत साचलेला दिसतो. इथे तसं काहीच नव्हतं. तरी नेलपॉलिश काढायच्या द्रावात कापूस बुडवून मी भोकाजवळ हलकेच पुसलं. कापूस पांढराच राहिला.

‘‘मग चमक कुठं गेली?’’ आत्याने विचारलं.

मीही तेच विचारलं, तुम्ही हिला काय केलं?

‘‘काय करणार? रातभर चिंचेच्या पाण्यात ठिवली. देवाची भांडी लख्ख निघतात, तशी ही बी निघंल म्हणलं. खरी असती तर लई चमकली असती.’’

मला इतकं हसू फुटलं की गल्ल्यावरचे मालक चष्म्यावरून बघायला लागले. हसणं आवरून मी शेजारच्या रसवंतीतून लिंबू मागवलं. पोवळ्याचा एक फुटका तुकडा ड्रॉवरमध्ये होता. त्याच्यावर एक थेंब पिळला, दुसरा काचेच्या मण्यावर, आणि आत्याला पुन्हा भिंग दिलं. तुकड्यावर बारीक फेस आला. काच होती तशीच राहिली.

‘‘आत्या, ही काच असती तर चिंचेने तिचं काहीच बिघडलं नसतं. खरी आहे म्हणूनच बिघडली.’’

‘‘म्हंजी मीच नासवली?’’ आत्याचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! काउंटरवर चढून नाचावंसं वाटलं.

माळ कारागिराकडे गेली. वरचा थर हलकेच उतरवून त्याने पुन्हा पॉलिश दिलं आणि जुना दोरा बदलून नवा ओवला. मणी किंचित बारीक झाले, पण लाली परत आली. मी आत्याला दम भरला की अत्तर, पावडर सगळं आधी लावायचं आणि माळ सगळ्यात शेवटी घालायची. काढली की मऊ ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून ठेवायची. आंबट, साबण, सोडा जवळसुद्धा आणायचा नाही. आत्या मान डोलवत होती.

मग तिने आईचा हात धरला आणि म्हणाली, झालं गेलं विसरून जा.

आईने हात सोडवून घेतला. ‘‘विसरते, वन्सं. पण जिथं बोललात, तिथंच सांगा.’’

हळदीच्या दिवशी पैठणच्या अंगणात त्याच सगळ्या बायका होत्या. आत्याने वाजंत्री थांबवली आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं, ‘‘माळ खरीच हाय. वहिनीनं जिवापाड जपली, मी एका रातीत नासवली. तिच्यावर आळ घेतला, तो खोटा व्हता.’’ वाजंत्री पुन्हा सुरू व्हायच्या आत आई म्हणाली, ‘‘मागच्या बायकांना ऐकू आलं नसंल, वन्सं.’’

आत्याने पुन्हा सांगितलं.