पस्तीस आले कुठून?

नारिन नदीवरच्या झुलत्या पुलापाशी बुरुल्कान वजनं जुळवत बसायची. पूल म्हातारा, झेपायचं दहा टन, म्हणजे १०.०००,०० किलो. त्याहून एक किलो जास्त झाला तरी ती आडवा बांबू उचलायची नाही. ड्रायव्हर तिला मागून ‘सासू’ म्हणायचे. म्हणेनात का!

ड्रायव्हर आणायचे त्या वजनांच्या पावत्या रस्ता बांधणाऱ्या तुर्की कंपनीच्या. हजारांपुढे टिंब, किलोच्या तुकड्याआधी, म्हणजे दशांशाआधी, स्वल्पविराम. तिचं गणकयंत्र मात्र उलट्या खोपडीचं, टिंब दाबलं की तुकडाच समजणार. म्हणून तिची रीत ठरलेली: टिंब गिळायचं, स्वल्पविरामाच्या जागी टिंब दाबायचं. बोटांना सवय झाली होती. सवयच माणसाला खड्ड्यात घालते.

त्या दिवशी नवऱ्याचीच गाडी आली. ताबिल्डी खिडकीतून ओरडला, “आटप गं बाई! नवऱ्याला तरी रांगेत उभं करू नकोस.”

“नवरा असाल तर घरी. इथं तुम्ही नुसतं वजन,” ती हसून म्हणाली. हसता हसताच बेरीज केली. रिकामी गाडी ५.४००,००. सिमेंट ४.२५०,५०. जनित्र २.८५०, त्याला स्वल्पविरामच नव्हता. बेरीज ९.६५३,३५. तिनं बांबू उचलला.

गाडी पुढे सरकली आणि तिची नजर पुन्हा त्या पस्तीसवर गेली. तुकडा एकाच ओळीत होता, पन्नासचा. मग पस्तीस आले कुठून?

तिनं ओळींवरून पुन्हा बोट फिरवलं. जनित्राचं टिंब तिनं तसंच दाबलं होतं! दोन हजार आठशे पन्नास किलोचं धूड यंत्रानं तीन किलोचंही धरलं नव्हतं. खरी बेरीज १२.५००,५०.

“थांबा! अहो, थांबा!” ती धावत सुटली. नदीच्या आवाजात कोण ऐकतंय? पुढची चाकं फळ्यांवर चढली होती, तारा कण्हत होत्या. ती सरळ खिडकीलाच लटकली.

“वेडी झालीस काय?”

“साडेबारा टन आहे! माझी चूक झाली. मागे घ्या, तुमच्या पाया पडते.”

ताबिल्डीनं ब्रेक दाबला. “तू आधी उतर. लांब जा.”

तो गाडी बोटभर बोटभर मागे घेऊ लागला. एक फळी काडकन मोडली, चाक खाली बसलं. बुरुल्काननं डोळे गच्च मिटले. इंजिन ओरडलं, चाक वर आलं, आणि गाडी काठावरच्या दगडी कठड्याला टेकून उभी राहिली.

तो खाली उतरला. ती शिव्यांची वाट बघत होती, पण तो मोडलेल्या फळीकडेच बघत राहिला.

“जनित्रांच्या खेपा गेला आठवडाभर चालू आहेत ना?” तो हळूच म्हणाला. “त्या सगळ्या गाड्यांची बेरीज तू कशी केलीस?”

तिनं आठवायचा फार प्रयत्न केला, पण टिंब गिळलं की दाबलं ते आठवेना; दाबलं असेल तर पूल आठवडाभर साडेबारा टन झेलत होता. पलीकडच्या काठावर दुसऱ्या ड्रायव्हरची, उमरबेकची, रिकामी गाडी भोंगा वाजवत होती, पुलावर येऊ का म्हणून. बुरुल्काननं दोन्ही हात वर करून त्याला नको, नको म्हटलं, आणि हात खाली घ्यायचा तिला धीरच होईना.