कोणाचे चार तास

अक्काताई कोरी यांना कोल्हापुरात ओळखणारे बहुतेक लोक त्यांना त्यांच्या अक्षरावरून ओळखत. भाऊसिंगजी रस्त्याच्या एका आडगल्लीत शिवानंद हत्तरकी यांचे पुस्तकांचे दुकान होते. त्याच्या दाराशी टेकवून ठेवलेल्या काळ्या फळ्यावर अक्काताई नव्वदीच्या दशकात रोज सकाळी खडूने एक प्रश्न लिहीत. प्रश्न एखाद्या पुस्तकातला असे, पुस्तकाचे नाव मात्र नसे. ते संध्याकाळी सहाला फळ्यावर येई आणि त्या दिवशी ते पुस्तक सवलतीत मिळे. दुपारी कोणी आत येऊन नाव विचारले तर अक्काताई म्हणत, “सहाला या.” ओळखीच्या माणसालाही हेच उत्तर मिळे. एकदा खुद्द शिवानंदअण्णांनी घाईत असलेल्या एका पाहुण्याला नाव सांगून टाकले, तेव्हा अक्काताईंनी फळा पुसला आणि त्या दिवशी तो कोराच ठेवला.

त्यांचे माहेर गडहिंग्लजच्या पुढे, सीमेलगतचे. घरी कानडी, शाळेत मराठी. लग्न मोडल्यानंतर त्या कोल्हापुरात आल्या आणि दुकानात कामाला लागल्या. आपल्याविषयी त्या एवढेच सांगत, आणि एवढ्यावर थांबण्याचा त्यांचा अधिकार लोक मान्य करीत. फळ्याच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता: ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही, तो प्रश्न विचारायचा नाही. कुतूहल जागवणे म्हणजे दुसऱ्याच्या दिवसातला काही भाग मागून घेणे, आणि मागून घेतलेले परत करावे लागते, हे त्यांनी कुठे वाचले नव्हते. वर्षानुवर्षे त्या तसे वागत आल्या होत्या, इतकेच.

दोन हजार नऊ साली अण्णांचा पुतण्या सोमेश पुण्याहून संगणकाचे शिक्षण घेऊन परतला आणि त्याने दुकानाचे संकेतस्थळ उभे केले. गावोगावच्या वाचकांनी तिथे पुस्तके निवडावीत आणि टपालाने, पुस्तक हाती पडल्यावर पैसे देण्याच्या व्ही.पी.ने घरपोच मागवावीत, अशी योजना होती. वर्षभरात फारशी मागणी आली नाही. अण्णांनी अखेर अट घातली: एक दिवसाची मोठी विक्री करा, एका पुस्तकाच्या दोनशे प्रती जाऊ द्या. गेल्या तर संकेतस्थळ राहील, नाही तर महिनाअखेर ते बंद.

विक्रीची खबर मोबाइल संदेशांनी द्यायची ठरली; ते ज्यांना जायचे होते त्यांचे क्रमांक अक्काताईंनी जमवले होते. गल्ल्याशी उभ्या राहिलेल्या शिक्षकांना, खेड्यांतल्या वाचनालयांच्या ग्रंथपालांना त्या विचारीत, “नंबर देता काय? उगाच त्रास देणार नाही.” लोकांनी क्रमांक दिले ते दुकानाला नव्हे, या शब्दाला. म्हणून त्या दिवशी सोमेशचे संकेतस्थळ पणाला लागले होते, तसा अक्काताईंचा शब्दही.

पुस्तक होते एका डाकवाहकाच्या आठवणींचे, ‘घाटाचा डाकवाला’. सकाळी नऊला पहिला संदेश गेला:

“रोज घाट उतरणाऱ्या माणसाने समुद्र एकदाच पाहिला. का? पुस्तक दोनला.”

मराठी संदेशात सत्तर चिन्हे मावत, आणि काना, मात्रा, वेलांटी हीही चिन्हेच धरली जात. फळ्यावर पसरून लिहिण्याची सवय असलेल्या अक्काताईंनी हा संदेश वहीत कितीदा खोडला होता. दुपारी बाराला दुसरा गेला:

“समुद्राकडे गेला, त्या दिवशी पाठीवर टपालाची पिशवी नव्हती.”

“अक्काताई, नुसत्या कोड्यानं भागणार नाही,” सोमेश म्हणाला. “दोनच्या संदेशात ‘शेवटच्या पाच प्रती’ टाकूया. घबराट उडाली की लोक बटण दाबतात.”

“मागं गठ्ठे कसले आहेत?”

“ते कुणाला दिसतायत?”

“मला दिसतात.”

सोमेश हसला. “तुम्ही वाण्याच्या घरात जन्मला हे खरं वाटत नाही.”

“आमच्या आप्पांचं दुकान तीन पिढ्या चाललं. तुझं किती दिवस चाललंय?”

सोमेशने पाच प्रतींचा मुद्दा सोडून दिला. पण एक गोष्ट त्याने लावून धरली. अक्काताईंनी दोनच्या संदेशात “आज सहापर्यंत” असे लिहिले होते. संकेतस्थळावर मात्र उलटे मोजणारे घड्याळ होते: चार तास बाकी, तीन तास बाकी. संदेशही त्याच्याशी जुळावा, उतरत्या आकड्याने माणूस लवकर हलतो, असे त्याचे म्हणणे होते. दोन्हींचा अर्थ एकच, असा विचार करून अक्काताईंनी मान हलवली. तेव्हा दोनच्या ठोक्याला जो संदेश गेला, तो असा: “घाटाचा डाकवाला. निम्म्या किमतीत. ४ तास बाकी.”

मागण्या येऊ लागल्या. इचलकरंजी, कागल, मुरगूड. काही संकेतस्थळावर, काही दुकानाच्या फोनवर. कुणी नेटकॅफेतून मागवले, कुणी फोनवर प्रश्नाचे उत्तर काढून घेण्याचा प्रयत्न केला. “पुस्तकात आहे,” एवढेच अक्काताई सांगत. चारला “२ तास बाकी” गेला, पाचला “१ तास बाकी”. सोमेशच्या चेहऱ्यावर वर्षभरात प्रथमच उजेड दिसत होता.

पाच वाजून गेल्यावर आकाराम पडवळ यांचा फोन आला. ते गगनबावड्याच्या अलीकडच्या एका वाडीत वाचनालय चालवीत आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध मोजून घेत.

“आक्का, तुमचा दोनचा निरोप आत्ता आलाय बघा. बारापास्नं लाइट न्हवती, टावर बी बंद. चार तास बाकी म्हंतोय. म्हंजे नवापतोर चालतंय न्हवं?”

अक्काताईंनी घड्याळाकडे पाहिले.

“त्यानंतरचे संदेश आले नाहीत काय, आकारामभाऊ?”

“आलं की! समदं एकदम आलं. एकात चार तास, एकात दोन, एकात एक. आता कुठला खरा धरायचा? म्या पयला धरला. डेअरीत सकाळपास्नं हाच वाद चाललाय, त्यानं समुद्र एकदाच का बघितला. संध्याकाळी साताला दूध घालाय समदी येत्यात. तवा नावं घेतो आन् फोन करतो. चालंल न्हवं?”

“थांबा जरा. मी कळवते.”

चूक कुठे झाली हे त्यांना उमगले होते. फळ्यावर “दोन तास उरले” लिहिले तरी चालले असते, कारण फळा आणि वाचक एकाच रस्त्यावर, एकाच घटकेत उभे असतात, आणि तासाभराने तो आकडा पुसून दुसरा लिहिता येतो. पाठवलेला संदेश पुसता येत नाही. तो बंद मोबाइलची, विझलेल्या टॉवरची वाट पाहत थांबतो आणि पोहोचला की जे लिहिले तेच बोलतो. आकारामभाऊंनी काही चुकीचे वाचले नव्हते. शहरातला तास आणि भारनियमनाच्या गावातला तास एकच आहे, असे दुकानाने गृहीत धरले होते. ज्यांच्या वाट्याला वीज येते, ते आपल्या घड्याळाला सर्वांचे घड्याळ समजतात.

“त्यात काय,” सोमेश म्हणाला. “सगळ्यांनाच नऊपर्यंत वाढवू. उलट बरंच. ‘लोकाग्रहास्तव मुदत वाढवली’ असा संदेश टाकतो.”

“आणि जे काम टाकून सहाच्या आत धावले, त्यांना काय सांगायचं? उगाच धावलात?”

“मग यांना नाही म्हणा.”

“यांना आपण चार तास दिलेत. लेखी.”

“अक्काताई, दोन्हींतलं एक काहीतरी करा की!”

“संदेश कुणाला किती वाजता पोहोचला, हे तुझ्या संगणकात कळतं ना?”

कळत होते. संदेश पाठवणारी कंपनी प्रत्येक क्रमांकापुढे पोहोचल्याची वेळ दाखवीत असे. अक्काताईंनी खुर्ची ओढली. बहुतेकांना दोनचा संदेश दोनलाच मिळाला होता. गगनबावडा, मलकापूर आणि आसपासच्या काही क्रमांकांवर तो पाचच्या सुमारास उतरला होता. त्यांच्यासाठी पोहोचल्या वेळेपासून चार तास धरायचे आणि त्यांची मागणी फोनवर घ्यायची. बाकी सर्वांसाठी सहाला विक्री बंद. या लोकांना त्यांनी एकेक करून फोन लावला आणि या वेळी तासांची भाषा केली नाही. “तुमच्यासाठी रात्री नऊपर्यंत,” असे त्या सांगत.

सहाला संकेतस्थळावरचे घड्याळ शून्यावर आले. आकडा दोनशेला पोहोचला नव्हता.

सव्वासहाला एका महाविद्यालयाच्या ग्रंथपाल प्रियदर्शनी मॅडम यांचा फोन आला. बैठक लांबली होती. त्यांना पंचवीस प्रती हव्या होत्या, निम्म्या किमतीत. सोमेश उठून उभाच राहिला. तेवढ्या प्रतींनी दोनशे पार होत होते.

अक्काताईंनी यादी पाहिली. मॅडमना संदेश दोनलाच मिळाला होता.

“मॅडम, सहाला बंद झालं. पुस्तक नेहमीच्या सवलतीत मिळेल.”

“अहो, पंधरा मिनिटं! पंचवीस प्रती आहेत.”

“एक असती तरी हेच सांगितलं असतं.”

पलीकडून उत्तर आले. “तुमचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण दुकान असं चालत नाही, अक्काताई.” आणि फोन ठेवला गेला.

सोमेश बाटलीतले पाणी प्यायला आणि रस्त्याकडे पाठ करून बसला.

सातनंतर डेअरीतून आकारामभाऊंचा फोन आला. मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका होता.

“नवापतोर हाय न्हवं अजून?”

“तुमच्यासाठी आहे.”

“घ्या मग. नऊ पुस्तकं. आन् गुंडूतात्या इचारतोय, उत्तर नक्की हाय न्हवं पुस्तकात? नसंल तर दुधात पाणी घालून पाठवतो म्हंतोय.”

“आहे म्हणावं. पाणी राहू द्या.”

मलकापूरकडून आणखी काही मागण्या आल्या. सगळे धरून दोनशेला अकरा कमी पडले.

शिवानंदअण्णा दुकान बंद करायला आले तेव्हा सोमेशने घाईने सुरुवात केली. “अण्णा, लाइटमुळं संदेश उशिरा गेले. आणखी एक आठवडा द्या. नक्की होतंय.”

अण्णांनी अक्काताईंकडे पाहिले. त्यांनी दुजोरा दिला असता, तर आठवडा मिळाला असता. एवढी त्यांची किंमत त्या दुकानात होती.

“सोमेश,” त्या म्हणाल्या, “सव्वासहाला आपण मॅडमना काय सांगितलं?”

सोमेशने मान खाली घातली. मग म्हणाला, “आजपर्यंतच होतं, अण्णा. अकरा कमी पडले.”

महिनाअखेर संकेतस्थळ बंद झाले. त्यात अन्याय झाला, असे अक्काताईंनी कधी म्हटले नाही. त्यांनी क्रमांक मात्र ठेवले. महिन्यातून एकदा, सकाळी नऊला, त्यांचा प्रश्न जाई, दुपारी दुसरी खूण जाई आणि नंतर पुस्तकाचे नाव. मागणी फोनवर घेतली जाई. संदेश आता सोमेश टाइप करी. त्यातला एकही “बाकी” शब्दाने संपत नसे. प्रत्येकात दिवस आणि घड्याळाची वेळ असे, आणि कुठलाही संदेश आधी उघडला, तरी तेवढ्यावरून सारे कळत असे. डोंगराकडच्या गावांना मुदत दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत ठेवलेली असे, आणि ती तशी का आहे, हेही त्यांत लिहिलेले असे: “तुमची लाइट धरून.”

डाकवाल्याने समुद्र एकदाच का पाहिला, यावर वाडीच्या डेअरीत पुस्तक वाचून झाल्यावरही वाद मिटला नाही, असे आकारामभाऊंनी पुढे कळवले. उत्तर पुस्तकात होते. ते पटत नव्हते, इतकेच.