उचल

शहाद्याच्या शाखेत मी कर्जाचे अर्ज तपासत असे. कापसाच्या एका जिनिंगमधल्या दिवाणजींच्या पगारपत्रकावर हातात येणारा पगार बावीस हजार होता, पण बँकेच्या उताऱ्यात दर महिन्याला अठराच हजार जमा होत होते. अर्जात मात्र ‘इतर कर्ज नाही’ असं लिहिलेलं. असल्या अर्जांचा मला वैताग यायचा. विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, “ती मालकनी उचल शे, पगारमाईन कापतस. ते काय कर्ज शे का?”

माझ्या लेखी तो हप्ताच होता. पात्रता मी अठरा हजारांवर धरली आणि कर्जाची रक्कम मागितल्यापेक्षा बरीच खाली आली.

कारणाच्या रकान्यात नुसतं ‘घरगुती’ होतं. नक्की कशासाठी, ते मी सही घेताना विचारलं.

“उचल फेडानी शे,” ते म्हणाले.