चौकटीत न मावलेली ओळ

नव्वदच्या दशकात पुण्याची एक कंपनी टपालानं वस्तू विकायची. कुकर, टॉर्च, शिवणयंत्र, सगळं एका रंगीत पुस्तकात छापलेलं. इंग्रजी पुस्तकाला गावात कुणी विचारेना, म्हणून ते मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये काढायचं ठरलं. मराठीचं काम आलं बारामतीत, मी ज्या डीटीपीच्या दुकानात नोकरीला होते तिथं. मजकूर मीच लिहायचा आणि मीच कॉम्प्युटरवर जुळवायचा.

वाचायला सोपं वाटतं. पण छपाईत फोटोंच्या रंगीत प्लेटा सगळ्या भाषांना त्याच वापरायच्या, बदलायची ती फक्त काळ्या अक्षरांची प्लेट. म्हणजे इंग्रजीला जेवढी चौकट, तेवढीच मराठीला. त्यात आमच्या काना-मात्रा, वेलांट्या. वर पुण्याच्या साहेबांचा नियम, गावातल्या माणसाला वाचता यावं म्हणून अक्षर मोठंच हवं. घर एका खोलीचं आणि पाहुणे लग्नाचे, अशी गत.

एका पानावर कानाचं यंत्र होतं. खिशात ठेवायची डबी, पेन्सिल सेलवर चालणारी, वायर आणि कानात घालायचं बोंड. मी लिहिलं, ‘कमी ऐकू येतं? आता स्पष्ट ऐका.’ खाली आणखी एक ओळ, ‘अजिबात ऐकू येत नसेल तर या यंत्राचा उपयोग होत नाही.’ त्याखाली, ‘सोबत आकर्षक पाकीट मोफत.’

चौकटीबाहेर एक ओळ सांडत होती. साहेबांचा फॅक्स आला, उपयोग नाही ही ओळ काढा. मी एस.टी.डी. लावून म्हटलं, पाकिटाची काढते, ही राहू द्या. ते म्हणाले, “मॅडम, फुकट लिहिलं की ऑर्डर येते. आणि ‘कमी ऐकू येतं’ लिहिलंय की तुम्ही, त्यातच आलं सगळं.” अक्षर बारीक करू का विचारलं, तर नियम दाखवला. मी तावातावानं भांडले. पालथ्या घड्यावर पाणी. आमचे मालक स्वभावानं गरीब, ते म्हणाले, “जाऊ द्या ताई, पुस्तक त्यांचं हाय.” ओळ गेली.

मालकांनी हौसेनं शेवटच्या पानावर बारीक छापून घेतलं होतं, मराठी मजकूर आणि जुळणी, आणि खाली दुकानाचा पत्ता. लोकांना वाटायचं, वस्तू हितंच मिळतात. म्हणून कळंबहून एक बाई आली. एस.टी.नं आली होती. काखेत मुलगी, पाच-सहा वर्षांची असावी, एवढ्या मोठ्या पोरीला कशाला उचललंय असं मला वाटून गेलं. दुसऱ्या हातात यंत्राचा डबा आणि पुस्तक.

“म्हणलं, तुमालाच इचारावं,” ती म्हणाली. “मशीन लावली, पण पोरगी बघत बी न्हाय. सेल बदलला, दुसऱ्या कानात घालून बघितलं. गुरुजी म्हणाले, थोडं ऐकाय लागली की शाळंत घालू. शाळा सुरू व्हायला आली की आता.”

“जन्मापासून ऐकू येत नाही?”

“न्हाय.”

मालकांनी मुलीच्या मागं जाऊन जोरात टाळी वाजवली. ती प्रिंटरमधून सरकणाऱ्या कागदाकडं बघत राहिली. मालक परत खुर्चीत जाऊन बसले.

मी पुण्याला फोन लावला. व्ही.पी.चं पार्सल पैसे भरल्याशिवाय पोस्टमन हातात देत नाही, आणि एकदा फोडलं की कंपनी परत घेत नाही. तेच मला ऐकवलं गेलं. वर, आम्ही बहिऱ्यांसाठी असं कुठं लिहिलंय, हेही. खरं होतं. लिहिलं नव्हतं. मी फोन ठेवला.

बाईला सांगितलं, हे थोडं कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असतं. मला वाटलं, आता ही मला शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या, मला बरं वाटलं असतं. पण तिचा चेहरा उलट मोकळा झाला.

“मंजी माझीच चूक. दुसरीच मशीन मागवली व्हय मी.”

मुलीला तिनं माझ्या टेबलावर बसवलं, पुस्तक उघडलं आणि एकेक पान उलटत माझ्यापुढं सरकवलं. कुकर, टॉर्च, शिवणयंत्र.

“आता तुमीच दावा ताई. जिला काहीच ऐकाय येत न्हाय, तिची मशीन कुठल्या पानावर हाय?”